स्वाहिलीतील नामवर्ग आणि अन्वय : ‘न्देगे’ या शब्दाची साक्ष

स्वाहिली भाषेच्या व्याकरणाचा परिचय बहुधा नामवर्गांच्या यादीने होतो. नामाच्या आरंभी येणारा उपसर्ग पाहावा, त्यावरून नामाचा वर्ग ठरवावा, आणि मग त्या वर्गाचे ठरलेले उपसर्ग विशेषणाला व क्रियापदाला लावावेत, अशी ही रीत आहे. ती शिकवण्यास सोयीची आहे, आणि पुष्कळ नामांच्या बाबतीत खरीही आहे. परंतु ‘वर्ग’ या एकाच शब्दात दोन भिन्न गोष्टी एकत्र बांधल्या जातात, हा तिचा दोष आहे. नामाचे स्वतःचे रूप ही एक गोष्ट. त्या नामामुळे वाक्यातील इतर शब्दांना येणारे रूप ही दुसरी. या दोहोंचा मेळ कोठे बसतो आणि कोठे तुटतो हे तपासल्यावाचून स्वाहिलीतील नामवर्ग म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

प्रथम मेळ बसतो ती उदाहरणे घ्यावीत. ‘म्तु’ म्हणजे माणूस, ‘वातु’ म्हणजे माणसे. ‘म्ति’ म्हणजे झाड, ‘मिति’ म्हणजे झाडे. ‘किताबु’ म्हणजे पुस्तक, ‘विताबु’ म्हणजे पुस्तके. यांना ‘-झुरि’ (चांगला, सुंदर) हे विशेषण आणि ‘-मेआंगुका’ (पडला आहे) हे क्रियारूप जोडले म्हणजे पुढील वाक्ये तयार होतात : ‘म्तु म्झुरि आमेआंगुका’, ‘म्ति म्झुरि उमेआंगुका’, ‘किताबु किझुरि किमेआंगुका’. अनेकवचनी ती ‘वातु वाझुरि वामेआंगुका’, ‘मिति मिझुरि इमेआंगुका’, ‘विताबु विझुरि विमेआंगुका’ अशी होतात. (येथे ‘झ’चा उच्चार महाप्राण न करता करावा; ‘म्तु’, ‘म्ति’ यांतील ‘म्’ हे स्वतंत्र अक्षर आहे.)

या सहा वाक्यांतूनच एक सूक्ष्म गोष्ट दिसते. विशेषणाचा उपसर्ग नामाच्या उपसर्गासारखा असतो. क्रियापदाचा उपसर्ग मात्र तसा असेलच असे नाही. ‘म्तु’ आणि ‘म्ति’ या दोन्ही नामांपुढे विशेषण ‘म्झुरि’ असेच आहे, आणि माणूस व झाड यांतील भेद केवळ क्रियापदाच्या ‘आ-’ आणि ‘उ-’ या उपसर्गांनी उघड होतो. शिवाय सर्व विशेषणे उपसर्ग घेत नाहीत. अरबीतून आलेले ‘साफि’ (स्वच्छ) कोणत्याही नामापुढे ‘साफि’च राहते, मराठीत ‘चांगला’ बदलतो पण ‘सुंदर’ किंवा ‘साफ’ बदलत नाही, तसेच हे आहे. तेव्हा नामाचा वर्ग पारखताना विशेषणाची साक्ष अपुरी असते, आणि क्रियापदाची साक्ष अधिक भरवशाची ठरते.

‘किताबु’ हा शब्द या ठिकाणी आणखी एका कारणासाठी उपयोगी आहे. तो मूळचा अरबी ‘किताब’. मराठी वाचकाला तो परका नाही. अरबीत ‘कि’ हा त्या शब्दाच्या धातूचाच भाग आहे, उपसर्ग नव्हे. स्वाहिली बोलणाऱ्यांनी मात्र त्या आरंभीच्या ‘कि’मध्ये आपला परिचित उपसर्ग ओळखला आणि अनेकवचनी त्याच्या जागी ‘वि’ घालून ‘विताबु’ केले. अर्थाचा येथे काहीच संबंध नव्हता; शब्दाचा आरंभ कसा ऐकू येतो एवढ्यावरच त्याचा वर्ग ठरला. निर्जीव वस्तूंच्या नामांबाबत रूप हेच वर्गाचे नियामक आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

आता मेळ तुटतो ते उदाहरण. ‘न्देगे’ या शब्दाचा जुना अर्थ पक्षी. विसाव्या शतकात त्याच शब्दाला विमान हाही अर्थ आला. नामाचे रूप दोन्ही अर्थी एकच आहे, आणि एकवचनी व अनेकवचनी तेच राहते. रूपावरून तो ‘न्युम्बा’ (घर) या नामाच्या वर्गात पडतो; त्या वर्गातील नामांत वचनभेदाने बदल होत नाही, त्यांचा क्रियापदावरील उपसर्ग एकवचनी ‘इ-’ व अनेकवचनी ‘झि-’ असतो. विमानासंबंधी बोलताना वाक्ये याप्रमाणेच होतात : ‘न्देगे न्झुरि इमेआंगुका’, म्हणजे सुंदर विमान पडले आहे, ‘न्देगे न्झुरि झिमेआंगुका’, म्हणजे सुंदर विमाने पडली आहेत. येथे नाम व विशेषण दोन्ही वचनांत सारखी असल्यामुळे विमाने किती, हे सांगण्याचे काम एकट्या क्रियापदाच्या उपसर्गाकडे आले आहे.

पक्ष्यासंबंधी बोलताना मात्र ही वाक्ये चालत नाहीत. तेथे ‘न्देगे म्झुरि आमेआंगुका’ आणि अनेकवचनी ‘न्देगे वाझुरि वामेआंगुका’ असेच म्हणावे लागते. विशेषणावरील ‘म्-’, ‘वा-’ आणि क्रियापदावरील ‘आ-’, ‘वा-’ हे ‘म्तु-वातु’ या नामाचे उपसर्ग आहेत. नाम मात्र ‘म्देगे’ किंवा ‘वादेगे’ होत नाही. ते जागचे हलत नाही. कर्मस्थानीही हाच भेद टिकतो. पक्षी पाहिला असेल तर ‘निमेम्वोना न्देगे’, विमान पाहिले असेल तर ‘निमेइओना न्देगे’. क्रियापदाच्या पोटात कर्माचा निर्देश करणारा जो उपसर्ग असतो, तो पहिल्या वाक्यात ‘म्व्’ आहे आणि दुसऱ्यात ‘इ’. ऐकणाऱ्याला नामावरून जे कळत नाही ते क्रियापदावरून कळते.

‘न्देगे’ हा एकटाच शब्द असता तर त्याला अपवाद म्हणता आले असते. परंतु ‘किफारु’ म्हणजे गेंडा, आणि ‘किफारु’ म्हणजे रणगाडाही. गेंडा पडला तर ‘किफारु आमेआंगुका’. रणगाडा पडला तर ‘किफारु किमेआंगुका’. ‘किबोको’ म्हणजे पाणघोडा, आणि त्याच्या कातड्याचा केलेला चाबूकही. तेथेही तोच भेद. अनेकवचनी हे शब्द ‘विफारु’, ‘विबोको’ असेच होतात, म्हणजे प्राण्याच्या अर्थीही त्यांचे अनेकवचन ‘किताबु’प्रमाणे बनते. ‘वाझीरि’ म्हणजे वजीर, मंत्री. त्याचे अनेकवचन ‘मावाझीरि’. ‘मा-’ हा ‘मातुंदा’ (फळे) या नामातील उपसर्ग. पण फळे पडली तर ‘मातुंदा यामेआंगुका’ आणि मंत्री पडले तर ‘मावाझीरि वामेआंगुका’. तात्पर्य असे की, नामाचे अनेकवचन कसे बनावे हे रूप ठरवते. अन्वय कसा व्हावा हे, नाम प्राणिवाचक असेल तर, अर्थ ठरवतो. प्राणी म्हणजे येथे माणसे व जनावरे एवढेच. झाड जिवंत असले तरी ते या सदरात येत नाही. वाळलेल्या झाडाविषयी ‘म्ति उमेकुफा’ (झाड मेले आहे) असेच म्हणतात, ‘आमेकुफा’ असे नव्हे.

या वस्तुस्थितीच्या कसोटीवर प्रचलित वर्णने लावून पाहिली तर त्यांचे गुणदोष स्पष्ट होतात. पहिले वर्णन क्रमांकांचे. ब्लीक यांनी १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या तौलनिक व्याकरणात बांटू भाषांतील नामोपसर्गांना क्रमांक दिले, आणि माइनहोफ यांनी १८९९ पासून ती पद्धती दृढ केली. या क्रमांकांत एकवचन व अनेकवचन यांना वेगवेगळे अंक असतात : ‘म्तु’ पहिल्या वर्गात, ‘वातु’ दुसऱ्यात, ‘किताबु’ सातव्यात, ‘विताबु’ आठव्यात, ‘न्युम्बा’ एकवचनी नवव्यात, अनेकवचनी दहाव्यात. एका बांटू भाषेतील उपसर्ग दुसरीतील कोणत्या उपसर्गाचा भाऊ आहे हे दाखवण्यासाठी या पद्धतीला तोड नाही. स्वाहिलीत बारावा व तेरावा हे वर्ग नाहीत, ही उणीवदेखील तिच्यामुळेच दृष्टीस पडते. परंतु ती उपसर्गांची वंशावळ आहे. ‘न्देगे’ (पक्षी) नवव्या वर्गातला की पहिल्या, असा प्रश्न तिला विचारला तर ती नवव्या वर्गाकडे बोट दाखवते, आणि वाक्यात दिसणाऱ्या ‘आ-’ या उपसर्गाचा हिशेब तिला अन्यत्र मांडावा लागतो.

दुसरे वर्णन उपसर्गांच्या जोड्यांचे. अ‍ॅश्टन यांच्या १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या स्वाहिली व्याकरणाने ते पुष्कळ विद्यार्थ्यांच्या हाती दिले. ‘म्-वा’, ‘म्-मि’, ‘कि-वि’ अशी वर्गांची नावे घेतली की एकवचन व अनेकवचन एकत्र राहतात आणि शिकणाऱ्याला शब्द उच्चारताच त्याचे अनेकवचन सुचते. हा लाभ खरा आहे. पण नाव नामाच्या रूपावरून घेतल्यामुळे ‘किफारु’ हा शब्द प्रथम ‘कि-वि’ या घरात नेऊन बसवावा लागतो, आणि मग प्राणिवाचक नामे अन्वयापुरती ‘म्-वा’ या घरी जातात, असा नियम वरून जोडावा लागतो. नियम चुकीचा नाही. त्याची जागा चुकीची आहे. जो नियम प्राणिवाचक नामांच्या अन्वयात सर्वांआधी लागू होतो, तो या मांडणीत शेवटी आणि सवलतीसारखा येतो. त्याचा परिणाम विद्यार्थ्याच्या वाक्यात दिसतो : तो गेंड्याविषयी ‘किफारु किमेआंगुका’ म्हणतो, आणि ऐकणारा रणगाडा शोधू लागतो.

तिसरे वर्णन पूर्व आफ्रिकेतील शाळांत आज शिकवले जाते. तेथे वर्गाला ‘न्गेलि’ म्हणतात, आणि न्गेलींची नावे क्रियापदावरील उपसर्गांवरून ठेवलेली असतात : ‘आ-वा’, ‘उ-इ’, ‘लि-या’, ‘कि-वि’, ‘इ-झि’ इत्यादी. या मांडणीत पक्षी या अर्थाचा ‘न्देगे’ ‘आ-वा’ न्गेलीत आणि विमान या अर्थाचा ‘इ-झि’ न्गेलीत आपोआप जातो. गेंडा आणि रणगाडा यांचीही तशीच वाटणी होते. नामाचा वर्ग त्याच्या सोबतच्या शब्दांच्या वर्तनावरून ओळखावा, हे तत्त्व आधुनिक भाषाशास्त्राला मान्य आहे, आणि त्या दृष्टीने ही मांडणी आधीच्या दोहोंपेक्षा निःसंशय पुढची आहे. तिला किंमतही द्यावी लागते. ‘आ-वा’ या नावावरून ‘किफारु’चे अनेकवचन ‘विफारु’ आणि ‘वाझीरि’चे ‘मावाझीरि’ हे कळत नाही. ते प्रत्येक नामाबरोबर निराळे पाठ करावे लागते. पहिल्या दोन मांडण्या रूप सांगतात आणि अन्वय सोडतात. ही अन्वय सांगते आणि रूप सोडते.

तरीही अन्वय तरी ती पूर्ण सांगते काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर नकारार्थी आहे. ‘न्दुगु’ म्हणजे भाऊ किंवा बहीण, भावंड. ‘माझी दोन भावंडे आली आहेत’ हे स्वाहिलीत ‘न्दुगु झांगु वाविलि वामेफिका’ असे होते. या वाक्यातील तीन शब्दांचा अन्वय ‘न्दुगु’शी आहे. ‘वाविलि’ (दोन) आणि ‘वामेफिका’ (आली आहेत) यांवर प्राणिवाचकाचा ‘वा-’ आहे. पण ‘झांगु’ (माझी) यावरील ‘झ्’ हा ‘झि-’चाच अवशेष, म्हणजे घरे किंवा विमाने यांना लागणारा उपसर्ग आहे. एकच नाम, एकच वाक्य, आणि अन्वय दोन प्रकारचे. मग ‘न्दुगु’ची न्गेलि कोणती? ‘आ-वा’ म्हटले तर ‘झांगु’ उरतो. ‘इ-झि’ म्हटले तर बाकीचे दोन शब्द उरतात.

हा प्रकार नातेवाचक आणि तत्सम निकटच्या संबंधाच्या नामांत, तीही ज्यांचे रूप ‘न्युम्बा’च्या वर्गाचे आहे अशांत आढळतो. ‘बाबा यांगु’ (माझे वडील), ‘दादा यांगु’ (माझी बहीण), ‘राफिकि यांगु’ (माझा मित्र) ही त्याची रोजच्या बोलण्यातील उदाहरणे. ‘म्तोतो’ (मूल) रूपानेच ‘म्तु’च्या वर्गातले असल्यामुळे तेथे ‘म्तोतो वांगु’ असे होते, आणि प्रश्नच उद्भवत नाही. कुत्रा या अर्थाचा ‘म्ब्वा’ रूपाने ‘न्युम्बा’च्या वर्गातला आहे, परंतु तो नातलग नव्हे, म्हणून प्रमाण भाषेत ‘म्ब्वा वांगु’.

यातही एक मर्यादा आहे, आणि तीच सर्वांत बोलकी आहे. जुना उपसर्ग टिकतो तो केवळ ‘माझा, तुझा, त्याचा’ या सार्वनामिक शब्दांवर. षष्ठीचा संबंध नामाने दाखवायचा असेल तर तेथे प्राणिवाचकाचाच ‘वा’ येतो. ख्रिस्ती प्रार्थनेच्या आरंभी ‘बाबा येतु’ (आमच्या बापा) असे म्हणतात. पण टांझानियाचे जूलियस न्येरेरे यांना जी पदवी मिळाली ती ‘बाबा वा ताइफा’, राष्ट्राचा पिता. ‘बाबा’ तोच, एका ठिकाणी त्याच्यापुढे ‘य्’ आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘वा’.

कॉर्बेट यांनी १९७९ साली मांडलेल्या अन्वयश्रेणीचा येथे विचार केला पाहिजे. एखाद्या नामाचा अन्वय रूपानुसार व अर्थानुसार असा दोन्ही तऱ्हांनी होत असेल, तर नामाला चिकटून असणाऱ्या विशेषणस्थानी रूपाचा जोर अधिक राहतो आणि क्रियापद, सर्वनाम अशा दूरच्या स्थानांकडे जावे तसा अर्थाचा जोर कमी होत नाही, असे तिचे सार आहे. ‘न्दुगु झांगु वामेफिका’ हे वाक्य या श्रेणीशी विसंगत नाही. रूप नामाजवळ टिकले आहे आणि अर्थ क्रियापदावर प्रकटला आहे. परंतु ‘झांगु’ आणि ‘वाविलि’ हे दोन्ही शब्द नामाचे विशेषणच आहेत, ‘येतु’ आणि ‘वा ताइफा’ हीही दोन्ही विशेषणस्थानेच. आणि तेथेच भेद पडला आहे. म्हणजे ही श्रेणी भेदाची दिशा सांगते, त्याची नेमकी जागा सांगत नाही. ती जागा भाषेच्या इतिहासात शोधणे प्राप्त आहे.

इतिहासाचा धागा शेजारच्या भाषांत सापडतो. झुलू भाषेत कुत्र्याला ‘इन्जा’ म्हणतात. तो नवव्या वर्गातला आहे, आणि ‘कुत्रा धावत आहे’ हे ‘इन्जा इयागिजिमा’ असे होते. क्रियापदावर नवव्या वर्गाचाच ‘इ-’ येतो. प्राणी असल्याचा परिणाम तेथे होत नाही. अनेक बांटू भाषांत जनावरांच्या नामांची हीच स्थिती आहे. त्यावरून स्वाहिलीतील प्राणिवाचकाचा सरसकट अन्वय ही नंतरची वाढ असून ‘यांगु’, ‘झांगु’ हे पूर्वीच्या व्यवस्थेचे अवशेष आहेत, असे अनुमान सयुक्तिक ठरते. अवशेष टिकावेत ते सतत तोंडी असलेल्या, नामाशी जवळजवळ एकजीव झालेल्या शब्दजोड्यांत, हेही स्वाभाविक आहे.

मराठीशी ताडून पाहिले की या व्यवस्थेचे वेगळेपण अधिक उठून दिसते. मराठीत घोडा हे जनावर आहे आणि बंदुकीचा घोडाही आहे. चिमणी हा पक्षी आहे आणि रॉकेलची चिमणीही आहे. ‘घोडा पडला’, ‘चिमणी पडली’ या वाक्यांतील क्रियापदे जिवंत आणि निर्जीव यांत भेद करीत नाहीत. ‘मूल’ सजीव असूनही नपुंसकलिंगीच राहते आणि ‘मूल पडले’ असेच म्हणावे लागते. मराठीत अर्थ अन्वयात शिरतो तो आदराच्या वाटेने, ‘वडील आले’ या बहुवचनात. म्हणून मराठी अभ्यासकाने ‘नामवर्ग’ या शब्दाचा अर्थ ‘लिंग’ या आपल्या परिचित संज्ञेवरून लावला, तर एका नामाचे एकच लिंग ही अपेक्षा तो नकळत स्वाहिलीवर लादील, आणि ‘न्दुगु झांगु वामेफिका’ हे वाक्य त्याला बिघडलेले वाटेल.

तेव्हा स्वाहिलीचे वर्णन दोन पातळ्यांवर करणे युक्त होय. पहिल्या पातळीवर नामाचे रूप नोंदवावे. त्यासाठी ब्लीक-माइनहोफ यांचे क्रमांक किंवा अ‍ॅश्टन यांच्या जोड्या पुरेशा आहेत. दुसऱ्या पातळीवर अन्वय क्रमाने सांगावा. नाम प्राणिवाचक असेल तर ‘आ-वा’ हा अन्वय प्रथम; नसेल तर रूपाप्रमाणे; आणि ‘न्युम्बा’च्या रूपाचे नाम नातेवाचक असेल तर सार्वनामिक षष्ठीपुरता रूपाचा हक्क अबाधित. शब्दकोशात प्रत्येक नामापुढे एक वर्ग न देता अनेकवचनाचे रूप आणि क्रियापदाचा उपसर्ग या दोन नोंदी द्याव्यात, आणि ‘न्देगे’, ‘किफारु’, ‘किबोको’ यांच्या दोन अर्थांपुढे दुसरी नोंद निरनिराळी द्यावी. शब्दाचे घर त्याच्या आरंभीच्या अक्षरात शोधायचे की त्याच्या सोबतच्या क्रियापदात, या वादाची गरज मग राहत नाही. स्वाहिलीत त्याला दोन्ही ठिकाणी राहता येते, आणि ‘न्दुगु’सारखा शब्द एकाच वाक्यात दोन्हीकडे राहतो.